मुलाखतीनंतरचा मेल: आभार दोन ओळींचे, काम एका मुद्द्याचं

मुलाखत देऊन आल्यावर काही तासांत आभाराचा मेल पाठवा आणि त्यात बोलण्यात निघालेल्या एखाद्या मुद्द्याचा नेमका उल्लेख करा, हा सल्ला आता कॉलेजच्या प्लेसमेंट सेलपासून करिअरच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे मिळतो. ऐकणाऱ्यांचे मात्र दोन तट पडतात. काहींना ही निव्वळ खुशामत वाटते. निवड व्हायची ती होणार, मेलनं काय फरक पडतो? काही जण एकच साचा तयार ठेवतात आणि प्रत्येक मुलाखतीनंतर नाव बदलून तोच पाठवत राहतात. दोन्ही बाजूंना एक गोष्ट सहसा कोणी सांगितलेली नसते. ज्या निर्णयावर हा मेल परिणाम करू पाहतो, तो निर्णय कोण घेतं, कधी घेतं आणि कशाच्या आधारावर घेतं? ते कळलं की मेल कुठे कामाला येतो, कुठे वाया जातो आणि कुठे अंगाशी येतो, हे बऱ्यापैकी ताडता येतं.

प्रथा आली कुठून

ही रीत अमेरिकेतली आहे आणि तिचं मूळ कचेरीत नाही, घरगुती शिष्टाचारात आहे. कोणाकडे जेवायला गेलो, कोणी भेटवस्तू दिली, की दुसऱ्या दिवशी हातानं लिहिलेली आभाराची चिठ्ठी पाठवायची, हे तिथल्या मध्यमवर्गात मुलांना लहानपणापासून शिकवलं जायचं. एमिली पोस्ट यांचं शिष्टाचारावरचं जाडजूड पुस्तक 1922 मध्ये आलं आणि अशा रीतींचा तो घरोघरचा संदर्भग्रंथ बनला. नोकरीच्या बाजारात ही सवय सल्ल्याच्या रूपानं पक्की करणाऱ्यांमध्ये रिचर्ड बोल्स यांचं नाव ठळक आहे. पेशानं धर्मोपदेशक असलेल्या बोल्स यांनी 1970 मध्ये स्वखर्चानं छापलेलं ‘व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?’ हे पुस्तक पुढे नोकरी शोधणाऱ्यांचं जवळजवळ पाठ्यपुस्तकच झालं. भेटलेल्या प्रत्येकाला, अगदी स्वागतकक्षातल्या माणसालाही, आभाराचं पत्र पाठवा, असा त्यांचा आग्रह असे.

टपालाच्या काळात पत्र पोहोचायला दोन-तीन दिवस लागायचे आणि कंपन्यांचे निर्णयही त्याच चालीनं व्हायचे. ईमेल आल्यावर दोन्हीची गती वाढली. ‘दोन दिवसांत’ हा सल्ला ‘चोवीस तासांत’ झाला आणि मग ‘त्याच दिवशी’ असा आखडत गेला. आपल्याकडे ही प्रथा आयटी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वाटेनं आली. पुणे, मुंबई, बंगळुरूमधल्या ज्या कचेऱ्यांत भरतीची पद्धत अमेरिकी मुख्यालयातून ठरते, तिथे अशा मेलची सवय आहे. कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात किंवा सहकारी संस्थेत तो आला तर लोक वाचतील, पण कोणी त्याची वाट पाहत नसतं.

प्रथेवरून मोठा वाद पेटला तो 2019 मध्ये. ‘बिझनेस इनसायडर’च्या कार्यकारी व्यवस्थापकीय संपादक जेसिका लीबमन यांनी जाहीरपणे लिहिलं, की आभाराचा मेल न पाठवणाऱ्याला नोकरी देऊ नये, हा आपला नियम आहे. ज्याला ही नोकरी खरोखर हवी आहे तो मेल पाठवतो, अशी त्यांची मांडणी होती. त्यावर टीकेची झोड उठली. उमेदवाराला न सांगितलेल्या नियमावर त्याला नापास कसं करता, असा टीकाकारांचा सवाल होता. हा सवाल आपल्याकडच्या उमेदवारांना जास्तच लागू पडतो. त्याकडे शेवटी येऊ.

पुरावा काय सांगतो

मेलच्या बाजूनं सर्वांत जास्त फिरवले जातात ते सर्वेक्षणांचे आकडे. अमेरिकेतल्या अकाउंटेम्प्स या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीनं 2017 मध्ये एचआर व्यवस्थापकांना विचारलं, तेव्हा 80 टक्क्यांनी सांगितलं की उमेदवार तोलताना आभाराचा संदेश उपयोगी पडतो. पण असा संदेश पाठवणारे उमेदवार साधारण 24 टक्केच असतात. आकडे बोलके आहेत, पण ते व्यवस्थापकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं आहेत. ‘उपयोगी पडतो का?’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हणायला कोणाचं काही जात नाही. प्रत्यक्ष निवडीत किती वेळा पारडं फिरलं, हे त्यातून कळत नाही. शिवाय सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांचा धंदाच उमेदवारांना सल्ला आणि सेवा देण्याचा असतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरा पुरावा मानसशास्त्रातला आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो यांच्या 2010 सालच्या एका प्रयोगात सहभागी लोकांनी एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र तपासून दिलं. नंतर त्या विद्यार्थ्यानं आणखी एका पत्रासाठी मदत मागितली. ज्यांना नुसती पोच मिळाली होती त्यांच्यापैकी 32 टक्क्यांनी पुन्हा मदत केली. ज्यांचे मनापासून आभार मानले होते त्यांच्यापैकी 66 टक्क्यांनी. पुढे 2018 मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी दाखवलं, की आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज वाढीव येतो आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा मात्र कमी येतो. ‘कसं वाटेल, आगाऊपणा तर नाही ना वाटणार?’ या संकोचावर हे उत्तर चांगलं आहे. पण दोन्ही ठिकाणी आभार घेणारा माणूस कोणाची निवड करायला बसलेला नव्हता. पाच उमेदवारांतून एक उचलायचा असताना तो तसाच वागेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

तिसरा पुरावा उलट्या दिशेचा आहे. मरे बॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, की मुलाखतीत स्वतःची छाप पाडण्याच्या युक्त्या किती चालतात. मुलाखतीतल्या गुणांशी त्यांचा संबंध ठळक निघाला. नंतरच्या कामगिरीशी तो बराच क्षीण होता. म्हणून ज्या कंपन्यांना भरतीतली चूक महाग पडते त्या युक्त्यांना कमीत कमी वाव राहील अशी मुलाखत घेतात: सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये भरतीच्या वेगवेगळ्या कसोट्यांचा नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखत सर्वांत वर आली. अशा मुलाखतीत ‘मेल आला का?’ असा रकानाच नसतो.

हे सगळं एकत्र वाचलं तर हाती येतं ते एवढंच: निव्वळ आभारांचा फायदा असलाच तर थोडा आहे, आणि जिथे भरती काटेकोर होते तिथे तो आणखी कमी होतो. म्हणजे मेलचं वजन आभारांत शोधण्यात अर्थ नाही. ते असलं तर त्या एका नेमक्या मुद्द्यात असतं.

काही तासांत का

मुलाखत संपल्यावर पलीकडच्या बाजूला काय होतं ते पाहू. मध्यम आकाराच्या खासगी कंपनीत एका जागेसाठी साधारण चार-पाच उमेदवार दोन-तीन दिवसांत भेटतात. पॅनेलमध्ये दोघं-तिघं असतात: ज्याच्या हाताखाली माणूस घ्यायचा तो व्यवस्थापक, त्याच विषयातला एखादा सहकारी आणि एचआर. प्रत्येकानं आपला अभिप्राय फॉर्ममध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा असतो, आणि एचआरचा तगादा असतो की तो त्याच दिवशी भरा, कारण दुसऱ्या दिवशी माणसं एकमेकांत मिसळायला लागतात. मग सगळे पंधरा-वीस मिनिटं एकत्र बसतात आणि नाव ठरतं.

मेलला शिरायला जागा मिळते ती मुलाखत संपणं आणि नाव ठरवणारी बैठक यांच्या मधल्या फटीत. सकाळी अकराची मुलाखत असेल तर दुपारी चारपर्यंत गेलेला मेल फॉर्म भरताना नजरेसमोर असू शकतो. तोच मेल दोन दिवसांनी आला तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तोवर नाव ठरलेलं असेल. त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा ‘पुढचा टप्पा साधारण कधी?’ एवढं विचारून घ्यावं. ‘उद्यापर्यंत कळवू’ म्हणाले तर घाई करायला हवी. ‘अजून दोन आठवडे मुलाखती चालतील’ म्हणाले तर रात्री शांतपणे लिहून सकाळी पाठवलं तरी चालतं. संध्याकाळी सहाला मुलाखत संपली असेल तर रात्री अकराला मेल टाकण्यापेक्षा सकाळी साडेनऊला तो पोहोचलेला बरा.

घाईलाही खालची मर्यादा आहे. व्हिडिओ कॉल संपून पाच मिनिटं झाली नाहीत तोच चार परिच्छेदांचा मेल येऊन पडला, तर तो आधीच लिहून ठेवला होता हे उघड दिसतं. दीड-दोन तास जाऊ द्यावेत. मात्र कागदावरचं टिपण त्याआधी, बाहेर पडल्या पडल्या करावं. कोणी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, कुठे अडखळलो, त्यांच्या बोलण्यात कोणती अडचण दोनदा आली. दुसऱ्या कोणाशी बोलण्याआधी हे लिहिलं तर शब्द शाबूत राहतात. घरी जाऊन चार जणांना हकीकत सांगून झाली की आपल्याला सोयीची आवृत्ती तेवढी उरते.

एक मुद्दा, जवळून

आता एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियमचे प्रेशर डाय-कास्टिंगचे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि क्वालिटी इंजिनिअरची जागा भरायची आहे. उमेदवार तीन वर्षांच्या अनुभवाची मुलगी आहे. पॅनेलमध्ये क्वालिटीचे प्रमुख, प्रॉडक्शनच्या एक मॅडम आणि एचआर. प्रमुख बोलता बोलता सांगतात, की एका हाउसिंगमध्ये पोरॉसिटीमुळे, म्हणजे धातूत राहिलेल्या बारीक पोकळ्यांमुळे, नग बाद होतात आणि हे प्रमाण रात्रपाळीत वाढतं. ‘तुम्ही काय कराल?’ ती लगेच म्हणते, प्लंजरचा वेग आणि धातूचं तापमान तपासेन, व्हेंट साफ आहेत का पाहीन. उत्तर चुकीचं नाही. प्रमुख मान हलवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

घरी जाताना तिच्या लक्षात येतं, की आपण उपायावर उडी मारली. आधी पोकळी कसली आहे ते ठरवायला हवं होतं. हवा किंवा वायू अडकून झालेली पोकळी साधारण गोल आणि आतून गुळगुळीत असते. धातू थिजताना आकसल्यामुळे झालेली पोकळी वेडीवाकडी आणि खडबडीत असते. पहिलीचं कारण इंजेक्शन, व्हेंट किंवा डायवर मारलेलं जास्तीचं वंगण यांत सापडतं. दुसरीचं थंड होण्याच्या क्रमात आणि दाबात. नग कापून पाहिल्याशिवाय सेटिंग बदलत बसणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

अशा मुलाखतीनंतर येणाऱ्या मेलचे तीन नमुने सांगता येतात. पहिला असा: ‘आज मला संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या नामांकित कंपनीत काम करायला मी उत्सुक आहे. माझी कौशल्यं या पदासाठी अनुरूप आहेत असं मला वाटतं. आपल्या सकारात्मक उत्तराची वाट पाहत आहे.’ कंपनीचं नाव बदललं तर हा मेल बँकेलाही जाऊ शकतो आणि शाळेलाही. वाचणारा तो दोन सेकंदांत बंद करतो. त्यानं नुकसान होत नाही, फायदाही होत नाही.

दुसरा नमुना जास्त फसवा आहे, कारण तो नेमका असल्याचा आव आणतो: ‘क्वालिटीबद्दलची आपल्या कंपनीची बांधिलकी ऐकून मी भारावून गेले. आपण रात्रपाळीतल्या आव्हानांबद्दल जे सांगितलंत ते फार प्रेरणादायी होतं.’ इथे मुलाखतीतला एक शब्द उचलला आहे आणि त्याला कौतुकाचा मुलामा दिला आहे. बाद होणारे नग हे ज्याच्या डोक्याचं दुखणं आहे, त्याला ते प्रेरणादायी म्हटलेलं कसं वाटेल? मुद्द्याचा उल्लेख झाला, पण मुद्दा कळल्याची खूण कुठेच दिसत नाही.

तिसरा असा. चाकणात मुलाखत अर्धी मराठीत झाली तरी मेल बहुधा इंग्रजीतच जाईल. त्याचा आशय हा:

‘नमस्कार सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. हाउसिंगच्या रात्रपाळीतल्या रिजेक्शनबद्दल आपण विचारलंत तेव्हा मी थेट प्लंजरच्या वेगाबद्दल बोलले. त्यात एक पायरी आधी घ्यायला हवी होती. मी प्रथम दोन्ही पाळ्यांतले बाद झालेले पाच-सहा नग एकाच जागी कापून पोकळ्यांचा आकार पाहीन. गोल आणि गुळगुळीत असतील तर वेग, व्हेंट आणि स्प्रे तपासायचे. खडबडीत असतील तर दाब आणि डायचं तापमान. दोन पाळ्यांतला फरक तिथेच दिसायला हवा. पुढच्या टप्प्यासाठी काही कागदपत्रं लागली तर कळवावं.’

एवढंच. फोनच्या पडद्यावर जेमतेम एकदा बोट फिरवून वाचून होईल. आभार पहिल्या ओळीत आटोपले आहेत, स्वतःची तारीफ नाही, कंपनीचं कौतुक नाही. क्वालिटीच्या प्रमुखाला यातून तीन गोष्टी कळतात: या मुलीनं प्रश्न नीट ऐकला होता, बाहेर पडल्यावरही ती त्यावर विचार करत राहिली, आणि दोन्ही पाळ्यांतले नग एकाच जागी कापून तुलना करायची, हे सुचण्याइतका तिचा हात शॉप फ्लोअरवर बसला आहे. बैठकीत तिच्याबद्दल सांगायला त्यांच्याजवळ आता एक वाक्य आहे. दोन उमेदवार जवळपास सारखे असतील, तर असं वाक्य उपयोगी पडतं. मुळातच ती पाचवी असेल, तर या मेलनं ती पहिली होणार नाही.

मुद्दा निवडताना साधारण तीन जागा शोधाव्यात. पहिली, समोरच्यानं आपणहून सांगितलेली अडचण. त्यातही जी बोलण्यात दोनदा आली ती. दुसरी, आपलं अर्धवट राहिलेलं उत्तर. तिसरी, काही पाठवायचं कबूल केलेलं असेल ते: एखादा नमुना, कामाची लिंक, पूर्वीच्या साहेबांचा संपर्क. तिसरी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. ‘पाठवतो’ म्हणून न पाठवणाऱ्याचं नाव पॅनेलला नेमकं लक्षात राहतं.

कुठे फसतं

सर्वांत नाजूक जागा उत्तर दुरुस्त करण्याची आहे. वरच्या उदाहरणात मुलीचं उत्तर चुकलं नव्हतं, त्यात भर घालायची होती. साफ चूक केली असेल तर? चूक समोरच्याच्या लक्षात आली होती असं वाटत असेल, किंवा ती कामाच्या गाभ्याची असेल, तर एका वाक्यात सरळ सुधारावी. किरकोळ चूक, जी कोणी टिपलीही नसेल, ती उकरून काढू नये. आणि आपलं बरोबर आणि पॅनेलचं चूक होतं, हे सिद्ध करायला मेलचा वापर कधीच करू नये. मुद्दा खरा असला तरी वाचणारा त्यात पुढच्या तीन वर्षांच्या मीटिंगा पाहतो.

दुसरी फसगत पॅनेलमध्ये एकापेक्षा जास्त माणसं असताना होते. तिघांना शब्दशः तोच मजकूर पाठवला आणि कौतुकानं एकानं तो दुसऱ्याला फॉरवर्ड केला, की सगळं उघडं पडतं. एकतर प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाला धरून दोन-तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात, किंवा सगळ्यांना मिळून एकच मेल करावा. आपल्या उदाहरणात प्रॉडक्शनच्या मॅडमनी पाळी बदलताना नोंदी कशा द्याल असं विचारलं असेल, तर त्यांचा मुद्दा तो. एचआरला मुद्दा लागत नाही. आभार आणि लागणारी कागदपत्रं एवढं पुरतं.

पत्ता मिळवणं हा तिसरा अडथळा. ऑनलाइन मुलाखतीच्या कॅलेंडर निमंत्रणात बहुतेक वेळा सगळ्यांची नावं आणि मेल दिसतात. ते नसेल तर एचआरच्या ज्या मेलवरून बोलावणं आलं त्यालाच उत्तर द्यावं आणि ‘कृपया पॅनेलपर्यंत पोहोचवावं’ असं म्हणावं. त्याच धाग्यात उत्तर दिल्यानं पद आणि तारीख आपोआप सोबत राहते. पाठवणारा पत्ता noreply@ असा असेल तर तिथे उत्तर देऊन उपयोग नाही. तो कोणी वाचत नाही. पत्ता अंदाजानं बनवून पाठवणं किंवा घरचा नंबर शोधून व्हॉट्सअ‍ॅप करणं हा मात्र अतिरेक झाला. एचआर मुळात व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलत असतील तर त्यांना तिथे दोन ओळी लिहायला हरकत नाही; पॅनेलच्या सदस्याला, त्यानं स्वतः नंबर दिलेला नसताना, लिहू नये.

काही विषय या मेलमध्ये आणूच नयेत. पगार, सुट्ट्या, घरून काम, रुजू होण्याची तारीख यांचं बोलणं ऑफर आल्यावर. समोरच्यानं ओघात सांगितलेली घरची गोष्ट, मुलाची दहावी किंवा आईचं आजारपण, उचलून ‘लक्षात आहे’ असं दाखवणं खटकतं. आणि आपल्या जुन्या कंपनीचे आकडे, ग्राहकांची नावं, तिथल्या रेखाचित्रांचे तपशील मुद्दा ठसवण्यासाठी लिहिले, तर वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो: उद्या आमचे आकडे हा कोणाला पाठवेल?

जिथे पाठवूच नये

आपल्याकडच्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा असा आहे की जिथे हा अमेरिकी सल्ला लागूच होत नाही. सरकारी संस्था, राष्ट्रीयीकृत बँका, सार्वजनिक कंपन्या, विद्यापीठं यांच्या जाहिरातींत तळाशी एक वाक्य हमखास असतं: कोणत्याही प्रकारे शिफारस किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द होईल. मुलाखत घेणाऱ्या सदस्याला निकालाआधी गाठून आभार मानणं हे कोणी या वाक्याखाली मोजेलच असं नाही, पण मोजलं तर बचाव करणं कठीण. शिवाय उपयोग शून्य. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीचे 275 गुण असतात, ते लेखी परीक्षेच्या 1750 गुणांत मिळवून यादी लागते. या बेरजेत मेलला शिरायला फटच ठेवलेली नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही.

कॅम्पस मुलाखतीत बहुतेक कॉलेजांचा नियम असतो की कंपनीशी सगळा व्यवहार प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत व्हावा. तिथे थेट मेल केला तर कंपनीला बरं वाटेल की नाही ते सांगता येत नाही, पण कॉलेज नक्की नाराज होईल. प्लेसमेंट अधिकाऱ्यालाच ‘पॅनेलला कळवाल का’ असं विचारावं. कन्सल्टन्सीमार्फत मुलाखत झाली असेल तर तेच: आधी कन्सल्टंटला लिहावं, कारण त्याला वगळून थेट कंपनीला गाठणाऱ्याबद्दल त्याच्या मनात शंका येते आणि कंपनीकडे आपल्या बाजूनं बोलणारा तोच असतो.

न सांगितलेली परीक्षा

आता लीबमन यांच्या नियमाकडे. मेल न पाठवणारा उमेदवार नोकरीला उत्सुक नाही, असं मानणाऱ्याला एकच गोष्ट कळलेली असते: उमेदवाराला ही रीत कोणीतरी शिकवली होती की नव्हती. ज्याच्या घरात कचेरीत काम करणारी दोन माणसं आहेत त्याला ती जेवताना कळते. लातूर किंवा गडचिरोलीहून मराठी माध्यमात शिकून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला ती कोणी सांगितलेली नसते; उलट ‘साहेबांना उगीच त्रास देऊ नये’ हा त्याच्या घरचा शिष्टाचार असतो. गप्प राहणं हा त्याच्या दृष्टीनं आदरच आहे. त्याला त्यासाठी वजा करणं म्हणजे त्याच्या कामाऐवजी त्याची जडणघडण मोजणं.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी दोन साध्या गोष्टी पाळाव्यात. आपला अभिप्राय आणि गुण मेल उघडण्याआधी भरून टाकावेत. मग मेलमधली नवी माहिती स्वतंत्र टिपण म्हणून जोडता येते आणि मेल न आल्याची वजाबाकी आपोआप टळते. आणि नंतरचा विचार कळणं जर खरंच महत्त्वाचं वाटत असेल, तर शेवटी सगळ्यांनाच सांगावं: ‘आजच्या कुठल्या उत्तरात भर घालावीशी वाटली तर उद्या सकाळपर्यंत पाच ओळींत कळवा.’ मग ती सगळ्यांसाठी सारखी परीक्षा होते, आणि त्या उत्तरांतून कामाचं काही कळूही शकतं.

उमेदवारानं मात्र नियम अन्यायाचा आहे म्हणून मेल टाळण्यात शहाणपण नाही. जिथे पाठवता येतो तिथे पाठवावा, अपेक्षा बेताची ठेवावी. उत्तर आलं नाही तर त्यातून काहीच अर्थ काढू नये. पुष्कळ कंपन्यांत निर्णय होईपर्यंत पॅनेलनं उमेदवाराला उत्तर देऊ नये अशी सूचनाच असते. आठवणीसाठी दुसरा मेल, त्यांनी सांगितलेली मुदत उलटून गेल्यावर, एकदाच.

शेवटची खबरदारी मुद्दा लिहितानाच घ्यायची आहे. एकापेक्षा जास्त फेऱ्या असल्या की पहिल्या फेरीनंतरचा मेल पुढच्या पॅनेलसमोर जाऊ शकतो. त्या मुलीला दुसऱ्या फेरीत प्लांट हेड पहिलाच प्रश्न विचारू शकतात: ‘तुम्ही नग कापून बघायचं लिहिलंय. नेमका कुठे कापाल, आणि दोन्ही प्रकारच्या पोकळ्या एकत्र सापडल्या तर?’ तिनं तो मुद्दा स्वतःच्या कामातून काढला असेल तर ही फेरी तिनं स्वतःच आखून दिल्यासारखी होईल. रात्री कुठेतरी वाचून उचललेला असेल, तर त्याच मेलमुळे ती दोन मिनिटांत उघडी पडेल. तेव्हा ज्या मुद्द्यावर दहा मिनिटं उलटसुलट प्रश्न झेलता येतील तोच लिहावा. तसा मुद्दा सापडला नाही तर दोन ओळींचे साधे आभार पाठवून थांबावं.